उशिराचं, रिव्हाइज्ड आणि अपडेटेड रिटर्न: 31 डिसेंबरच्या आत काय जमतं, नंतर काय उरतं

हिशेबवही | 27 डिसेंबर 2025, सकाळी 9:10

बुधवारी 31 डिसेंबर. असेसमेंट इयर 2025-26 साठी, म्हणजे मार्च 2025 ला संपलेल्या वर्षासाठी, दोन दारं त्या रात्री एकदमच बंद होतात: न भरलेलं रिटर्न उशिरा भरण्याचं आणि भरलेलं रिटर्न दुरुस्त करण्याचं. दुसऱ्या दिवसापासून फक्त अपडेटेड रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू उरतं. तिन्हींची नावं सारखी वाटतात म्हणून लोक त्यांना एकाच रांगेतली समजतात. तसं नाही. पहिली दोन तुमच्या बाजूनेही चालतात आणि खात्याच्या बाजूनेही. तिसरं फक्त जास्त कर भरायला आहे.

नेहमी दिसणारं एक उदाहरण घेऊ.

एका नोकरदाराने एप्रिल ते ऑगस्ट 2024 पहिल्या कंपनीत महिना 60,000 वर काम केलं, एकूण 3,00,000. सप्टेंबर ते मार्च दुसरीकडे महिना 1,00,000, एकूण 7,00,000. नवीन कंपनीला फॉर्म 12B देऊन आधीचा पगार कळवला नाही. दोन्हीकडच्या हिशेबात उत्पन्न 7 लाखांच्या आत बसलं, दोघांनीही 75,000 ची स्टँडर्ड डिडक्शन दिली, 87A ची सूट धरली आणि टीडीएस शून्य. त्याने 10 सप्टेंबरला फक्त दुसरा फॉर्म 16 लावून रिटर्न भरलं. कर शून्य, प्रोसेसही झालं.

खरा हिशेब असा. पगार 10,00,000, त्यातून 75,000 एकदाच वजा, राहिले 9,25,000. नवीन पद्धतीत 3 ते 7 लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, पुढच्या 2,25,000 वर 10 टक्क्यांनी 22,500. सूट नाही, कारण उत्पन्न 7 लाखांच्या वर गेलं. 42,500 वर 4 टक्के सेस धरून 44,200. अॅडव्हान्स टॅक्स भरलेला नाही, म्हणून 234C खाली 2,227 आणि 234B खाली एप्रिल ते डिसेंबर नऊ महिन्यांचे 3,978. एकूण 50,405.

31 डिसेंबरच्या आत रिव्हाइज्ड रिटर्न भरलं तर एवढ्यावर भागतं. मूळ रिटर्न वेळेत आहे, त्यामुळे 234F ची लेट फी नाही आणि 234A चं व्याजही नाही.

जानेवारीत तेच काम आयटीआर-यू ने केलं तर 234B चा एक महिना वाढतो, कर आणि व्याज मिळून 50,847 होतात आणि त्यावर 25 टक्के जादा कर, 12,712. एकूण 63,559. म्हणजे तीन-चार दिवसांच्या आळसाला तेरा हजार. एप्रिल 2027 पर्यंत ढकललं तर जादा कर 50 टक्के होतो, व्याज पंचवीस महिन्यांचं लागतं आणि आकडा 86,000 च्या वर जातो.

रिटर्न अजिबातच भरलं नसतं तर आज उशिराचं भरताना 50,405 च्या वर 5,000 लेट फी आणि 234A चे चार महिन्यांचे 1,768 लागले असते.

हे सापडतं कसं? AIS उघडा. टीडीएस शून्य असला तरी कंपन्या तिमाही विवरणात पगार कळवतात आणि तो तिथे दिसतो. दोन्ही नावं दिसत असतील आणि रिटर्नमध्ये एकच असेल, तर नोटिशीची वाट पाहू नका.

---

मिरजकर | 27 डिसेंबर, सकाळी 10:02

माहिती चांगली आहे, पण एवढी घाई कशाला? आता चार वर्षं मिळतात ना? 2025 च्या बजेटमध्ये 24 महिन्यांचे 48 केले. शिवाय गेल्या वर्षी 31 डिसेंबरची 15 जानेवारी झाली होती. यंदाही होईल.

---

हिशेबवही | 27 डिसेंबर, सकाळी 10:40

48 महिने बरोबर आहेत, पण ते आयटीआर-यू ला. आणि ते महिने असेसमेंट इयर संपल्यापासून मोजायचे. आपल्या वर्षासाठी 31 मार्च 2026 पासून मोजून 31 मार्च 2030 पर्यंत. जादा कर पहिल्या टप्प्यात 25, मग दरवर्षी 50, 60, 70 टक्के. वेळ आहे, पण तो विकत घ्यावा लागतो.

गेल्या वर्षीच्या वाढीव मुदतीमागे विशेष कारण होतं. पोर्टलची युटिलिटी 87A ची सूट घेऊच देत नव्हती, त्यावरून मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली आणि न्यायालयाच्या आदेशामुळे रहिवासी व्यक्तींसाठी 15 जानेवारी 2025 केली गेली. यंदा तसा आदेश नाही. त्या भरवशावर थांबू नका.

---

जुना मुनीम | 27 डिसेंबर, दुपारी 12:15

मंडळी, एक धोक्याची सूचना. वेळेत भरलेलं रिटर्नच रिव्हाइज करता येतं. उशिरा भरलं की संपलं, जे लिहिलं ते लिहिलं. त्यामुळे आता घाईघाईने चुकीचं भरण्यापेक्षा मार्चपर्यंत थांबून नीट भरा.

---

पंचगंगा | 27 डिसेंबर, दुपारी 12:50

मुनीमकाका, तुम्ही सांगताय तो कायदा होता खरा, पण दोन्ही गोष्टी बदलल्या. असेसमेंट इयर 2017-18 पासून उशिराचं रिटर्नही रिव्हाइज करता येतं. आणि 31 मार्चची मुदत 2021-22 पासून 31 डिसेंबर झाली. मार्चपर्यंत थांबणाऱ्याला उशिराचं रिटर्न भरताच येणार नाही.

म्हणून सल्ला नेमका उलटा. ज्यांनी अजून भरलंच नाही त्यांनी हाताशी असलेल्या कागदांवर आज भरा, व्हेरिफाय करा. उद्या एखादी एफडी सापडली तर 31 तारखेपर्यंत रिव्हाइज करा, कितीही वेळा. रिव्हाइज करायला वेगळी फी नाही. फक्त उशिराचं रिव्हाइज केलं तरी ते उशिराचंच राहतं, आधी लागलेली लेट फी निघून जात नाही.

143(1) ची इंटिमेशन आली म्हणून रिव्हाइज बंद झालं असंही अनेकजण समजतात. ती इंटिमेशन म्हणजे असेसमेंट नव्हे. प्रोसेस झालेलं रिटर्नही मुदतीत रिव्हाइज होतं.

---

जुना मुनीम | 27 डिसेंबर, दुपारी 1:30

मार्चचं मान्य. पण उशिराच्या रिटर्नला जुनी कर पद्धत मिळत नाही, हे तरी बरोबर ना?

---

हिशेबवही | 27 डिसेंबर, दुपारी 2:05

अगदी बरोबर, आणि ते कुणी आधी सांगायला हवं होतं. ज्यांना धंद्याचं उत्पन्न नाही त्यांनी जुनी पद्धत मूळ मुदतीत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडायची असते. यंदा ती मुदत वाढत वाढत 16 सप्टेंबरला संपली. त्यानंतर भरणाऱ्याला नवीन पद्धत, मग गृहकर्जाचं व्याज असो, घरभाड्याची सूट असो की 80C. अनेकांना 5,000 ची लेट फी डोळ्यांत भरते, पण खरा फटका इथे बसतो.

---

शलाका | 27 डिसेंबर, दुपारी 3:20

याच्याशीच जोडलेला प्रश्न. मी 12 सप्टेंबरला जुन्या पद्धतीने रिटर्न अपलोड केलं, 18,400 परतावा यायचा होता. आला नाही म्हणून आज पाहिलं तर "Pending for e-Verification" दिसतंय. मी वेळेत भरलंय ना? की रिव्हाइज करू?

---

हिशेबवही | 27 डिसेंबर, दुपारी 3:45

शलाकाताई, रिव्हाइज करू नका आणि "Discard" लाही हात लावू नका. व्हेरिफाय न केलेलं रिटर्न कायद्याच्या दृष्टीने भरलेलंच नसतं, त्यामुळे रिव्हाइज करायलाही काही नाही.

अपलोडपासून 30 दिवसांत व्हेरिफाय केलं तर अपलोडची तारीख धरतात. नंतर केलं तर व्हेरिफाय केल्याची तारीख हीच भरल्याची तारीख. तुमचे 30 दिवस ऑक्टोबरच्या मध्यात संपले. आज केलंत तर रिटर्न उशिराचं ठरेल. लेट फी लागेल आणि जुन्या पद्धतीवरही गदा येऊ शकते.

तरी आजच करा. व्हेरिफाय करताना पोर्टल उशिराचं कारण विचारून माफीची विनंती घेतं, तिथे खरं कारण लिहा. विनंती मंजूर झाली तर मूळ तारीख टिकते. नामंजूर झाली तरी निदान उशिराचं रिटर्न पदरात असेल. 1 जानेवारी उजाडला तर तेही नाही, आणि परतावा असल्यामुळे आयटीआर-यू चा मार्गही बंद.

---

पंचगंगा | 27 डिसेंबर, दुपारी 4:10

मी इथे थोडं वेगळं सांगेन. माफी नामंजूर झाली तर नवीन पद्धतीने परतावा उरतो की उलटा कर निघतो, ते आजच काढून ठेवा ताई. कर निघत असेल तर तो 31 च्या आत भरलेला बरा, व्याज थांबतं. माफी मिळेल हे गृहीत धरू नका.

---

कांदेपोहे | 27 डिसेंबर, संध्याकाळी 6:30

मलाही अपडेट करायचं आहे. रिटर्न जुलैत भरलं, प्रोसेस झालं, पण परतावा "Refund Failed" झाला. बँक विलीन झाल्यावर आयएफएससी कोड बदलला होता. तर अपडेटेड भरू की रिव्हाइज्ड? अपडेटेडला 25 टक्के लागणार म्हणे, मग परताव्यातून कापतील का?

---

पंचगंगा | 27 डिसेंबर, संध्याकाळी 6:55

यातलं काहीच भरू नका. तुमचं रिटर्न बरोबर आहे, खातं चुकलंय. प्रोफाइलमध्ये "My Bank Account" मध्ये नवीन आयएफएससी टाकून खातं पुन्हा व्हॅलिडेट करा. ते झालं की Services मध्ये "Refund Reissue" ची विनंती द्या. 31 डिसेंबरचा याच्याशी संबंध नाही.

---

मस्कतकर | 28 डिसेंबर, सकाळी 8:15

मी अनिवासी. रत्नागिरीच्या बँकेत एनआरओ एफडी आहे, व्याज 2,40,000 आणि बँकेने 74,880 टीडीएस कापला. भारतात दुसरं उत्पन्न नाही. रिटर्न भरायची गरज नाही असं कळलं म्हणून भरलं नाही. पुढच्या सुट्टीत, मे महिन्यात, येऊन आयटीआर-यू भरून पैसे परत घेता येतील का?

---

हिशेबवही | 28 डिसेंबर, सकाळी 9:00

नाही. मे महिन्यापर्यंत थांबलात तर हे 74,880 सहजी परत मिळणार नाहीत.

आयटीआर-यू ची अट अशी की त्यातून परतावा निघता कामा नये, आधीचा परतावा वाढता कामा नये आणि आधीपेक्षा कर कमी होता कामा नये. तोटा दाखवणारं रिटर्नही त्यात चालत नाही.

गरज नव्हती हे खरं, 2,40,000 हे करमुक्त मर्यादेच्या आतलं उत्पन्न. पण कापलेला कर परत मागायचा तर रिटर्न हाच रस्ता. उत्पन्न मर्यादेच्या आत असल्यामुळे लेट फीही लागणार नाही. आज उशिराचं रिटर्न भरलंत तर पूर्ण रक्कम मिळते. 244A चं महिन्याला अर्धा टक्का व्याज मात्र रिटर्न भरल्याच्या तारखेपासून धरतात, एप्रिलपासून नाही.

आयटीआर-1 वापरू नका, ते अनिवासींना चालत नाही. आयटीआर-2 घ्या. रहिवासाच्या रकान्यात अनिवासी निवडा. पोर्टल आधीची माहिती भरून देतं, पण हा रकाना तुम्हालाच तपासावा लागेल. आणि एनआरओ खातं आधी व्हॅलिडेट करा.

---

मस्कतकर | 28 डिसेंबर, सकाळी 9:40

मनापासून आभार. आधारला जोडलेलं सिम गावी आईकडे आहे, फोन बंद. ओटीपी येणार नाही. म्हणजे अडलंच?

---

पंचगंगा | 28 डिसेंबर, सकाळी 10:05

अडलं नाही. रिटर्न 31 च्या आत अपलोड करा, व्हेरिफाय करायला त्यानंतर 30 दिवस आहेत आणि तेवढ्यात केलंत तर अपलोडचीच तारीख धरतात. तुमच्या बँकेच्या नेट बँकिंगमधून पोर्टलवर जाता येत असेल तर तिथून ओटीपीशिवाय व्हेरिफाय होतं. तेही नसेल तर आयटीआर-व्ही छापून सही करून बेंगळुरूच्या सीपीसीला टपालाने पाठवा. परदेशातून टपाल रेंगाळतं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात पाठवा.

आणि ज्यांची मुदत खरंच गेली त्यांच्यासाठी: 119(2)(b) खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकानुसार असेसमेंट इयर संपल्यापासून पाच वर्षांच्या आत, आणि 1 कोटीपर्यंतच्या दाव्याचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात. पण उशिराचं खरंखुरं कारण दाखवावं लागतं. "माहीत नव्हतं" एवढ्यावर अधिकारी राजी होतीलच असं नाही.

---

मिरजकर | 28 डिसेंबर, दुपारी 1:20

शेअरबाजारवाल्यांचं काय? माझ्या मेहुण्याने वेळेत रिटर्न भरलं, पण शेअर विक्रीतला 1,10,000 चा अल्पकालीन तोटा दाखवायचा राहिला. आता रिव्हाइज करून पुढच्या वर्षी ओढता येईल?

---

हिशेबवही | 28 डिसेंबर, दुपारी 2:00

माझ्या मते येईल. मूळ रिटर्न वेळेत आहे आणि रिव्हाइज्ड त्याची जागा घेतं. उशिराच्या रिटर्नमध्ये मात्र असा तोटा पुढे ओढता येत नाही. घराच्या उत्पन्नातला तोटा आणि उरलेला घसारा एवढेच त्यातून सुटतात.

---

पंचगंगा | 28 डिसेंबर, दुपारी 2:35

मी एवढ्या खात्रीने म्हणणार नाही. मूळ रिटर्नमध्ये तोटा नव्हताच आणि तो पहिल्यांदा रिव्हाइज्डमध्ये आला, तर "हे वेळेत भरलेलं तोट्याचं रिटर्न नव्हे" असा मुद्दा अधिकारी काढू शकतात. मी भरायलाच सांगेन, पण ब्रोकरचा टॅक्स पी अँड एल आणि काँट्रॅक्ट नोट्स सांभाळून ठेवून. आयटीआर-1 भरलं असेल तर रिव्हाइज करताना फॉर्म बदलून आयटीआर-2 घ्यावा लागेल, ते चालतं.

---

हिशेबवही | 28 डिसेंबर, दुपारी 3:10

मुद्दा मान्य, कागद ठेवलेच पाहिजेत. पण न मागितलेला तोटा तर हमखास जातो, म्हणून मागावा.

---

शलाका | 29 डिसेंबर, रात्री 8:30

व्हेरिफाय केलं, माफीची विनंती दिली. नवीन पद्धतीने काढलं तर 18,400 परत मिळण्याऐवजी 9,000 च्या आसपास भरायचे निघतात. माफी नामंजूर होऊन पुढे आयटीआर-यू भरायची वेळ आली तर नंतर त्यात सुधारणा करता येते का?

---

हिशेबवही | 29 डिसेंबर, रात्री 9:05

नाही. आयटीआर-यू एका वर्षासाठी एकदाच. ते रिव्हाइज होत नाही, दुसरं भरता येत नाही. म्हणून ते भरण्याआधी AIS, फॉर्म 26AS आणि सगळ्या बँकांचे व्याजाचे दाखले समोर ठेवायचे. एफडीचं 6,000 व्याज राहिलं म्हणून घाईने भरायचं आणि महिन्याने म्युच्युअल फंडाची विक्री आठवायची, असं झालं तर तो फंड दुरुस्त करायला जागा नाही.

तुम्हाला बहुधा आयटीआर-यू लागणारच नाही, तुमचं उशिराचं रिटर्न आता दाखल आहे. नामंजुरी आली तर कर आणि लेट फीची मागणी येईल. पंचगंगा म्हणाले तसं ते 9,000 आता भरून ठेवायचे का, हा निर्णय तुमचा. मी असतो तर भरले असते.

आणि आयटीआर-यू सगळ्यांना खुलं नसतं. त्या वर्षाचं असेसमेंट चालू असेल किंवा झालं असेल, झडती किंवा सर्व्हे झाला असेल, तर नाही. रिटर्न आधी भरलेलंच नसेल तर लेट फीही वर लागते, पण 25 टक्के त्या फीवर नसतात, कर आणि व्याजावरच असतात.

---

जुना मुनीम | 30 डिसेंबर, सकाळी 7:50

मग जुन्या वर्षांचं? आमच्या एका ओळखीच्या दुकानदाराने 2020-21 चं भाड्याचं उत्पन्न दाखवलं नव्हतं.

---

हिशेबवही | 30 डिसेंबर, सकाळी 8:25

2020-21 हे आर्थिक वर्ष असेल तर असेसमेंट इयर 2021-22, त्याचे 48 महिने 31 मार्च 2026 ला संपतात. जादा कर 70 टक्के. 2020-21 हे असेसमेंट इयर असेल तर मुदत मार्च 2025 लाच संपली. आधी हे नक्की करा, बहुतेक गोंधळ इथेच होतो. तीन वर्षं उलटून गेली असल्यामुळे 148A ची नोटीस आली आहे का, तेही पोर्टलवर पाहायला सांगा. आली असेल तर आयटीआर-यू चालणार नाही.

---

मिरजकर | 30 डिसेंबर, दुपारी 12:10

पहिल्या पोस्टमधल्यासारखंच प्रकरण आमच्या ऑफिसात निघालं, दोन फॉर्म 16. आज कर भरून रिव्हाइज करतोय. चलान भरताना काय निवडायचं?

---

पंचगंगा | 30 डिसेंबर, दुपारी 12:25

"e-Pay Tax" मध्ये Income Tax निवडा, वर्ष 2025-26, आणि प्रकार Self-Assessment Tax (300). वर्षाच्या यादीत 2026-27 ही दिसेल, ते चुकून निवडलं जातं. मग पैसे भलत्या वर्षात जमा होतात आणि रिटर्नमध्ये मागणी तशीच उभी राहते. पोर्टलवर चलान दुरुस्तीची सोय आहे, पण तिची मुदत थोड्या दिवसांची असते आणि तुमच्याकडे उद्याचाच दिवस आहे.

चलानवरचा सात अंकी बीएसआर कोड, पाच अंकी चलान क्रमांक आणि तारीख रिटर्नच्या टॅक्स पेड भागात टाका. रिटर्नमध्ये 139(5) निवडा, मूळ पावतीचा 15 अंकी क्रमांक आणि तारीख तपासा. पगाराच्या भागात दोन्ही कंपन्या वेगवेगळ्या लिहा, पण 75,000 एकदाच आलेत ना ते पाहा. चलान भरून रिटर्न अपलोड करायचं राहिलं तर रिव्हाइज झालं असं होत नाही, आणि अपलोड करून व्हेरिफाय करायचं राहिलं तरी नाही.

---

मिरजकर | 30 डिसेंबर, दुपारी 4:40

झालं. पाचशेच्या आसपास रुपयांचा फरक दाखवत होतं, 234C च्या हिशेबात. पोर्टलचा आकडा ठेवला.

---

हिशेबवही | 30 डिसेंबर, संध्याकाळी 5:15

पोर्टलचाच ठेवायचा, पण फरक कशाचा ते पाहून ठेवा. मध्ये लाभांश किंवा शेअर विक्रीचा नफा असेल तर तो कोणत्या तिमाहीतला हे त्या भागात भरावं लागतं. न भरल्यास पोर्टल सगळं वर्षाच्या सुरुवातीपासून धरतं आणि व्याज वाढतं. तसं निघालं तर उद्या रात्रीपर्यंत पुन्हा रिव्हाइज करता येईल.